सहाशे मण सोने म्हणजे नेमके किती? दिल्लीच्या मणाचा हिशेब

१/
देवगिरीच्या लुटीचा विषय निघाला की एक आकडा हमखास पुढे येतो: ६०० मण सोने. इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी हा अजून सुलतान नव्हता, कड्याचा सुभेदार होता. त्याने देवगिरीवर अचानक चाल केली आणि रामदेवराय यादवाकडून अमाप संपत्ती घेऊन तो परतला. त्या संपत्तीची एक यादी फिरिश्ता या इतिहासकाराच्या नावाने सांगितली जाते. तिच्यात मोती, जवाहीर, चांदी आणि रेशमी वस्त्रे यांच्या जोडीला हे ६०० मण सोने येते.

आकडा वाचताच आपण मनातल्या मनात गुणाकार करतो. चाळीस शेरांचा मण, मण म्हणजे साधारण ३७ किलो, म्हणून ६०० मण म्हणजे २२ टन. व्याख्यानांतून आणि लेखांतून हा गुणाकार बिनदिक्कत केला जातो. आजच्या धाग्यात त्यातल्या ‘३७ किलो’ या एकाच पदाची चौकशी करू.

२/
हे ३७ किलो आले कोठून? कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला. ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण धरला, की ३७.३२ किलो हे वजन मिळते. अल्लाउद्दीनच्या स्वारीनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी ठरलेला हा मण आपण तेराव्या शतकातल्या सोन्याला लावतो आहोत.

फारसी-अरबी ग्रंथांतला ‘मन’ तर याहूनही चंचल आहे. बगदादच्या शास्त्रशुद्ध मापात मन म्हणजे दोन रतल, आजच्या हिशेबाने जेमतेम ८०० ग्रॅम. इराणातला तब्रिझी मन ६४० मिस्कालांचा, म्हणजे २.९ ते ३ किलोंचा. अकबराचा मण सुमारे २५ किलोंचा. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या बाजारातला मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोंचा, आणि त्याच काळी बंगालचा मण त्याच्या जवळजवळ तिप्पट. ‘मण’ हे एका वजनाचे नाव नाही. अनेक वजनांनी वापरलेले ते एक सामाईक नाव आहे. म्हणून ‘एक मण म्हणजे किती किलो?’ या प्रश्नाला ‘कोणत्या गावचा आणि कोणत्या साली?’ या प्रतिप्रश्नावाचून उत्तर नाही.

३/
मग उत्तर शोधायचे कसे? रीत साधी आहे. त्या काळच्या आणि त्याच जागेच्या लेखकाने मोठ्या मापाची व्याख्या लहान मापांत कोठे दिली आहे का, ते प्रथम पाहावे. ती व्याख्या उतरवत उतरवत नाण्याच्या वजनापर्यंत आणावी. मग ते नाणे तराजूत घालावे.

नाण्यापर्यंतच का? मण आणि शेराची त्या काळातली प्रमाणित वजने फारशी हाती लागत नाहीत. दुकानातली वजने झिजतात, बदलली जातात, वितळवली जातात. नाणी मात्र पुरलेल्या साठ्यांतून हजारोंनी सापडतात, आणि टांकसाळीला तर वजन अचूक राखावेच लागते. शिवाय अरबी-फारसी जगात वजनांची साखळी मुळातच नाण्यांवर उभी आहे. मिस्काल म्हणजे सोन्याच्या दिनाराचे वजन. उमय्यद खलिफा अब्द अल-मलिक याने हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इ.स. ६९६-९७ मध्ये, नाणी सुधारली. त्याचा दिनार सुमारे ४.२५ ग्रॅमचा भरतो. इजिप्तमध्ये दिनार तोलण्यासाठी काचेची वजने केली जात. काच गंजत नाही आणि कोणी कानस लावली तर लगेच दिसते. आठव्या शतकातली ही वजनेही त्याच आकड्याच्या आसपास भरतात. चांदीच्या दिरहमाचे मान सात मिस्काल बरोबर दहा दिरहम असे होते. त्यामुळे दिरहम २.९७ ग्रॅमचा येतो.

४/
आता दिल्लीकडे वळू. अल्लाउद्दीनचा राज्यकाळ १२९६ ते १३१६. त्यानंतर काही दशकांतच, मुहम्मद तुघलकाच्या काळात, शिहाबुद्दीन अल-उमरी या मामलुक दरबारातल्या विद्वानाने ‘मसालिक अल-अबसार’ हा प्रचंड ग्रंथ लिहिला. तो स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही. येथून गेलेल्या प्रवाशांना विचारून त्याने माहिती जमवली. आपल्या कैरो-दमास्कसच्या वाचकाला परक्या देशाची वजने कळावीत म्हणून तो ती समजावून सांगतो, आणि हेच आपल्या उपयोगी पडते. मूळ दिल्लीकराला हे सांगण्याची गरजच वाटली नसती.

त्याची व्याख्या अशी: हिंदुस्थानचा रतल, ज्याला तेथे शेर म्हणतात, तो ७० मिस्कालांचा, इजिप्तच्या दिरहमांत तो १०२⅔ दिरहम भरतो, आणि अशा ४० शेरांचा एक मण. पुढे तो असेही नोंदवतो की तेथे मापून विकण्याची चाल नाही, सगळे तोलून विकतात. महाराष्ट्राच्या वाचकाने हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. आपल्याकडे पायली-मण-खंडी ही धान्याची मापे आकारमानाचीही होती, त्यामुळे मण दिसला की तो वजनाचा की मापाचा हा आणखी एक प्रश्न उभा राहतो. दिल्लीच्या बाबतीत अल-उमरीने तो आधीच सोडवून ठेवला आहे.

५/
चला, गुणाकार करू. ७० मिस्काल गुणिले ४.२५ ग्रॅम म्हणजे २९७.५ ग्रॅमचा शेर. असे ४० शेर म्हणजे ११.९ किलोंचा मण. येथे थांबण्याचा मोह होतो, पण अल-उमरीने आणखी एक आकडा दिला आहे आणि तो पडताळून पाहायला हवा.

सात मिस्काल बरोबर दहा दिरहम हे शास्त्रोक्त प्रमाण घेतले, तर ७० मिस्कालांचे बरोबर १०० दिरहम व्हायला हवेत. तो १०२⅔ सांगतो. ही लेखनिकाची चूक समजून सोडून द्यावी का? तसे करू नये. पूर्णांकाऐवजी कोणी मुद्दाम दोन-तृतीयांश लिहितो, तेव्हा त्यामागे बहुधा खरोखर केलेला हिशेब असतो. याचा अर्थ एवढाच की त्याच्या डोळ्यांसमोरचा मिस्काल आणि इजिप्तचा दिरहम ही जोडी शास्त्रोक्त जोडी नव्हती. इजिप्तच्या बाजारात वजनासाठी वापरला जाणारा दिरहम नाण्याच्या दिरहमापेक्षा जड, सुमारे ३.१ ग्रॅमचा होता. तो धरला तर शेर ३१८ ग्रॅमचा आणि मण १२.७ किलोंचा येतो. याच हिशेबाने मिस्काल साडेचार ग्रॅमच्या थोडा वर जातो. हेही अशक्य नाही, कारण तब्रिझी मनाचा इराणी मिस्कालही ४.६ ग्रॅमच्या घरातला आहे.

म्हणजे एकाच लेखकाच्या एकाच वाक्यातून दोन उत्तरे निघाली: ११.९ आणि १२.७. त्यांपैकी एक खरे व दुसरे खोटे ठरवण्याची घाई करू नये. आपल्या ज्ञानाची रुंदी किती, हे त्या दोन आकड्यांतले अंतर सांगते.

६/
दुसरा साक्षीदार आपल्या जवळचा आहे. फिरिश्ता आधी अहमदनगरच्या निजामशाहीत आणि पुढे विजापूरला इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या आश्रयाला होता. सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आपल्या इतिहासात अल्लाउद्दीनच्या काळाबद्दल तो म्हणतो की तेव्हाचा मण ४० शेरांचा आणि शेर २४ तोळ्यांचा होता. तोळा १२ ग्रॅमच्या जवळ धरला तर शेर २८८ ग्रॅमचा आणि मण साडेअकरा किलोंचा होतो. १८३३ चा हलका तोळा धरला तरी ११.२ किलोंच्या खाली जात नाही.

फिरिश्ता तीनशे वर्षांनंतरचा, म्हणून एकट्याच्या साक्षीवर फार भार टाकता येत नाही. मात्र त्याने तोळ्यांत मोजले आणि अल-उमरीने मिस्कालांत. एकाने दुसऱ्याचा आकडा उचललेला दिसत नाही, तरीही दोघे एकाच जागी येऊन पोचतात. अल्लाउद्दीनच्या दिल्लीचा मण ११ किलोंहून थोडा जास्त आणि पावणेतेरा किलोंहून कमी. मध्यम धरून सुमारे १२ किलो. मुंबईच्या १२.७ किलोंच्या मणाशी हे जुळते म्हणून कोणी त्यात नाते शोधू नये. दोन आकडे शेजारी आले म्हणजे एका घराण्यातले ठरत नाहीत.

७/
नावांची फसगत किती दूर जाऊ शकते, याचा नमुना त्याच काळात आहे. वर आपण पाहिले की अल-उमरी दिल्लीच्या शेराला ‘रतल’ म्हणतो. इब्न बतूता त्याच दशकांत प्रत्यक्ष हिंदुस्थानात होता. बंगालच्या स्वस्ताईचे वर्णन करताना तो लिहितो की तेथे चांदीच्या एका दिनाराला दिल्लीचे २५ रतल तांदूळ मिळत. हा रतल कोणता?

शेर समजला तर २५ रतल म्हणजे साडेसात-आठ किलो. चांदीच्या अख्ख्या नाण्याला आठ किलो तांदूळ, आणि वर त्याची स्वस्ताई म्हणून नवलाई? हे बसत नाही. पुढच्याच शब्दांत त्याने खुलासा केला आहे की दिल्लीचा रतल आपल्या मगरिबच्या २० रतलांइतका. म्हणजे तो मणालाच रतल म्हणतो आहे. मग २५ रतल सुमारे ३०० किलो होतात आणि वर्णनाला अर्थ येतो. दोघे लेखक समकालीन, दोघांची भाषा अरबी, दोघांचा विषय दिल्लीची वजने, आणि एकाच शब्दाच्या दोन अर्थांत चाळीस पटींचा फरक. हाच शब्द पुढे ‘रत्तल’ होऊन मराठीत आला आणि मुंबईच्या बाजारात इंग्रजी पौंडासाठी वापरला गेला. त्यामुळे मराठी वाचकाला येथे तिसऱ्या अर्थाचीही भूल पडू शकते.

यातून पडताळ्याची एक कसोटी मिळते. किलो काढून झाले की वाक्य पुन्हा वाचावे. लेखक ज्याला स्वस्त म्हणतो ते महाग दिसू लागले, किंवा एका माणसाचा शिधा हत्तीचा वाटू लागला, तर बहुधा चूक गुणाकारात नसते, नावात असते.

८/
आता हा १२ किलोंचा मण हाती घेऊन एका प्रसिद्ध भावाकडे पाहू. झियाउद्दीन बरनी याने ‘तारीख-ए-फिरोजशाही’त अल्लाउद्दीनने बांधून दिलेले बाजारभाव नोंदवले आहेत. गहू मणाला साडेसात जितल, जव चार, तांदूळ पाच, हरभरा पाच. अकबराच्या काळात अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त गव्हाचा भाव मणाला १२ दाम दिला आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून अल्लाउद्दीनच्या काळी सगळे किती स्वस्त होते, असा निष्कर्ष काढला जातो. खरेच तसे होते का?

प्रथम अकबराचा मण. अबुल फझल स्वतः सांगतो की शेर पूर्वी कोठे १८ दामांचा तर कोठे २२ दामांचा होता, अकबराच्या कारकिर्दीच्या आरंभी तो २८ दामांचा झाला आणि आता ३० दामांचा आहे. दाम म्हणजे तांब्याचे नाणे, सुमारे २०.९ ग्रॅमचे, आजही ते मोठ्या संख्येने उपलब्ध आहे. ३० दामांचा शेर ६२७ ग्रॅमचा आणि ४० शेरांचा मण सुमारे २५ किलोंचा. पुढे जहांगीरने शेर ३६ दामांचा आणि शाहजहानने ४० दामांचा केला, म्हणजे तीन पिढ्यांत मण पुन्हा तिसऱ्या हिश्श्याने वाढला. मुघल कागदात नुसता ‘मण’ दिसला तर आधी बादशहा कोण ते पाहावे लागते, ते यामुळे.

९/
आता पैशाची बाजू. जितल आणि दाम यांची थेट तुलना करता येत नाही. दोन्ही चांदीत उतरवू.

अल्लाउद्दीनचा चांदीचा टंका सुमारे ११ ग्रॅमचा. एका टंक्याचे जितल अभ्यासक सामान्यतः ४८ धरतात. फिरिश्ता ५० म्हणतो, पण त्याने निष्कर्ष बदलत नाही. साडेसात जितल म्हणजे सुमारे १.७ ग्रॅम चांदी. एवढ्या चांदीत १२ किलो गहू, म्हणजे क्विंटलला सुमारे १४ ग्रॅम चांदी. मणाबद्दलची आपली अनिश्चितता धरली तर साडेतेरा ते सव्वापंधरा ग्रॅम.

अकबराचा रुपया सुमारे ११.४ ग्रॅमचा, आणि अधिकृत दराने त्याचे ४० दाम. १२ दाम म्हणजे ३.४ ग्रॅम चांदी. एवढ्या चांदीत २५ किलो गहू, म्हणजे क्विंटलला पावणेचौदा ग्रॅम चांदी.

दोन्ही भाव जवळजवळ सारखेच निघाले!

१०/
मण सर्वत्र एकच समजला असता तर अल्लाउद्दीनचा गहू अकबराच्या निम्म्या भावाचा वाटला असता. अल्लाउद्दीनच्या मणाला १८३३ चे ३७ किलो चिकटवले असते, तर क्विंटलला साडेचार ग्रॅमांच्या आसपास चांदी आली असती, म्हणजे एक-तृतीयांश भाव. त्या आकड्यावर दंतकथेतल्या स्वस्ताईचा आख्खा इमला उभा राहिला असता. गहू तोच आणि चांदीही तीच. केवळ मणाच्या नावाने इतिहास तिप्पट फुगला असता.

यावरून अडीच-तीन शतके भाव हललेच नाहीत असे मात्र म्हणू नये. एक भाव सुलतानाने हुकमाने बांधलेला राजधानीचा भाव आहे, दुसरा बादशाही दरबाराच्या ग्रंथात नोंदलेला. मधल्या काळात काय झाले, ते हे दोन ठिपके सांगत नाहीत. पण गहू अल्लाउद्दीनच्या काळी अविश्वसनीय स्वस्त होता, या विधानाचा आधार मात्र निघून जातो. आणि मग बरनी मुळात काय म्हणाला होता, त्याकडे लक्ष जाते. त्याचे नवल भाव कमी होते याचे नाही. पाऊस कमी झाला त्या वर्षीही धान्याचा भाव वर गेला नाही, याचे त्याला नवल वाटते. त्याचा विषय स्वस्ताई नव्हता, स्थैर्य होता. चुकीच्या मणाने हे लेखकाचे म्हणणेच झाकून टाकले होते.

११/
आता देवगिरीच्या सोन्याकडे परत येऊ. फिरिश्त्याने स्वतःच सांगितलेला २४ तोळ्यांच्या शेराचा मण लावला, तर ६०० मण म्हणजे सुमारे ७ टन. १८३३ चा मण लावला तर २२ टन. वरच्या आकड्यातले १५ टन सोने रामदेवरायाच्या खजिन्यात नव्हते; ते १८३३ च्या कायद्यातून आले आहे.

पण येथेच सर्वांत मोठी सावधगिरी हवी. रूपांतर आकड्याचा अर्थ सांगते, आकडा खरा आहे असे सांगत नाही. फिरिश्ता स्वारीनंतर तीन शतकांनी लिहीत होता. लुटीच्या यादीतला मण त्याने जुन्या दिल्लीचा धरला होता, की दख्खनमध्ये त्याच्या भोवती चालणारा, हे यादी सांगत नाही. ७ टन हे ‘फिरिश्त्याचे वाक्य त्याच्याच व्याख्येने वाचले तर’ मिळणारे उत्तर आहे. देवगिरीत ७ टन सोने होते असे सिद्ध करायचे असेल, तर त्याला वेगळा पुरावा लागेल. रूपांतराचा किलोतला नेटका आकडा मूळ बातमीला नसलेला भरवसा बहाल करतो, हा या कामातला सर्वांत सूक्ष्म धोका आहे.

१२/
त्याच धोक्याचे दुसरे रूप म्हणजे खोटी अचूकता. ७० मिस्कालांचे गणित यंत्रावर केले की पडद्यावर दशांश चिन्हापुढे हवी तेवढी घरे उमटतात. पण ज्या मिस्कालाबद्दलच आपली खात्री पाच-सात टक्क्यांच्या आत नाही, त्यावरून काढलेल्या मणाचे ग्रॅम लिहिणे हा दिखाऊपणा होय. ‘सुमारे १२ किलो, ११.२ ते १२.७ च्या दरम्यान’ हे ‘११.९०० किलो’पेक्षा अधिक प्रामाणिक आणि म्हणून अधिक अचूक विधान आहे.

म्हणून रूपांतर लिहिताना मूळ आकडा आणि मूळ एकक कधीही पुसू नये. ‘७ टन सोने’ एवढेच लिहिले तर पुढच्या वाचकाला मागचा रस्ता उरत नाही. ‘६०० मण, शेर २४ तोळ्यांचा धरल्यास सुमारे ७ टन’ असे लिहिले तर उद्या कोणाला अधिक चांगला शेर सापडला, की तो दोन मिनिटांत आपला हिशेब दुरुस्त करू शकतो. जुन्या वजनाचे किलो करताना शेवटचा आकडा आपला असतो आणि पहिला लेखकाचा. पहिला त्याला त्याच्याच शब्दांत बोलू द्यावा.